गौरी-गणपतीचे पाहुणे आणि पानांचा हिशेब

कोकणातल्या घरी गौरी-गणपतीला येणाऱ्यांची यादी आणि लग्नाच्या आमंत्रितांची यादी यांत मोठा फरक आहे. लग्नाला सगळे एका दिवशी, बहुधा एकाच जेवणाला येतात. गणपतीला मात्र कोणी चार दिवस आधी येऊन मखर बांधतो, कोणी चतुर्थीच्या पहाटे उतरतो आणि पंचमीच्या रात्री परत निघतो, कोणी फक्त गौरींसाठी येतो. त्यामुळे ‘एकूण पाहुणे किती?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर नसते. चुलीपाशी प्रश्न वेगळा विचारला जातो: आज दुपारी पाने किती? यादीचा तक्ता मांडायचा तो या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक जेवणासाठी मिळेल असा.

उदाहरण म्हणून चिपळूण तालुक्यातले एक घर धरू. साल २०२५. त्या वर्षी हरतालिका २६ ऑगस्टला, गणेश चतुर्थी २७ ला आणि ऋषिपंचमी २८ ला होती. गौरींचे आवाहन ३१ ऑगस्टला, पूजन १ सप्टेंबरला आणि विसर्जन २ सप्टेंबरला होते. या घरचा गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे सात दिवसांचा. घरात कायम राहणारी माणसे चार: आजी, थोरला मुलगा, त्याची बायको आणि नातू. येणारे असे: डोंबिवलीहून मधला मुलगा, त्याची बायको, त्यांचा मुलगा आणि सून, पुण्याहून आजीची लेक, जावई आणि नात, ठाण्याहून धाकटा मुलगा, त्याची बायको आणि दोन मुले, आणि बंगळूरहून पुतण्या व त्याची बायको.

हाताने यादी करताना सहज लिहिले जाते ते असे: डोंबिवली ४, पुणे ३, ठाणे ४, बंगळूर २, घरचे ४. बेरीज १७. ही बेरीज चुकीची नाही, पण सात दिवसांतल्या एकाही जेवणाला ती खरी ठरत नाही, कारण सतराच्या सतरा माणसे त्या घरात एका वेळी कधीच नसतात. डोंबिवलीच्या चौघांपैकी मधला मुलगा आणि त्याची बायको २३ तारखेलाच येतात, तर त्यांचा मुलगा आणि सून नोकरीमुळे फक्त चतुर्थी-पंचमीला. पुण्याची नात गौरींच्या दिवशी येते. कुटुंबाला एक ओळ दिली की हा फरक लिहायला जागाच उरत नाही. म्हणून तक्त्याचा पहिला नियम: एका ओळीत एकच माणूस. कुटुंब कोणते, हे शेजारच्या रकान्यात लिहावे. लहान मुलांनाही स्वतंत्र ओळ द्यावी. त्यांचे पान छोटे असले तरी अंथरूण आणि गाडीतली जागा लागतेच. घरच्या चौघांच्या ओळीही याच तक्त्यात हव्यात, नाहीतर प्रत्येक बेरजेत चार मिळवायचे राहून जातात.

रकाने फार नकोत. नाव, घर, उत्तर, उत्तर कधी मिळाले, घरी पोहोचण्याची वेळ, घरातून निघण्याची वेळ, आहार, पंचमीचा उपवास, प्रवास, तिकीट आणि शेवटी टीप, एवढे अकरा पुरतात. त्यातल्या काही ओळी, मधले काही रकाने सोडून, अशा दिसतील:

| नाव | घर | उत्तर | घरी पोहोच | घरातून निघणे | आहार | प्रवास | तिकीट |
|---|---|---|---|---|---|---|---|
| आजी | घरचे | येणार | 20/08/2025 0:00 | 10/09/2025 0:00 | मांसाहार नाही | – | – |
| मधल्याचा मुलगा | डोंबिवली | येणार | 27/08/2025 8:00 | 28/08/2025 21:30 | सगळे चालते | रेल्वे | कन्फर्म |
| लेक | पुणे | येणार | 26/08/2025 17:00 | 02/09/2025 20:00 | मांसाहार नाही | स्वतःची गाडी | – |
| पुतण्या | बंगळूर | बहुतेक | 26/08/2025 19:00 | 30/08/2025 10:00 | सगळे चालते | रेल्वे | वेटिंग |

उत्तराच्या रकान्यात चारच शब्द ठेवावेत: ‘विचारले’, ‘येणार’, ‘बहुतेक’, ‘नाही’. कोरी जागा म्हणजे अजून विचारलेलेच नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण कोरी जागा पाहून एकजण ‘येणार नाहीत’ असे समजतो, दुसरा ‘ते तर दरवर्षी येतातच’ असे धरून चालतो, आणि फोन कोणीच करत नाही. फोनवर मिळणारी उत्तरे मात्र या चार शब्दांत येत नाहीत. ‘बघू’, ‘रजा मिळाली तर’, ‘मुलांची परीक्षा बघून कळवते’ ही सगळी ‘बहुतेक’मध्ये घालावीत आणि नेमके कारण टिपेत लिहावे. उत्तर मिळाल्याची तारीख शेजारी असली की कोणाला पुन्हा विचारायचे ते कळते: जुलैत मिळालेले ‘बहुतेक’ ऑगस्टच्या मध्यापर्यंत तसेच राहिले असेल तर पुन्हा फोन करणे गरजेचे आहे.

येण्याचे उत्तर आणि तिकिटाची स्थिती यांचे रकाने वेगळे ठेवणे हा या तक्त्याचा कणा आहे. गणपतीच्या दिवसांत कोकण रेल्वेचे तिकीट मिळणे ही स्वतंत्र लढाई असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, म्हणजे हरतालिकेच्या दिवशीचे आरक्षण जूनच्या शेवटी उघडते आणि पाहता पाहता वेटिंगवर जाते. वेटिंगचे तिकीट हातात असलेला माणूस मनाने ‘येणार’ असतो आणि तसेच सांगतो. पण ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता लागल्यावरही पूर्ण वेटिंगवरच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत बसता येत नाही. आरएसीचे तसे नाही. झोपायला पूर्ण बाक मिळाला नाही तरी बसून येता येते, म्हणून पानांच्या हिशेबात आरएसी कन्फर्मसारखेच धरावे. वेटिंगवाल्याच्या उत्तरात मात्र ‘बहुतेक’ लिहावे, त्याने कितीही खात्रीने सांगितले असले तरी. त्याने एसटीची किंवा खासगी बसची पर्यायी सोय केली असेल, तर तिकिटाच्या रकान्यात ती लिहून उत्तर ‘येणार’ करता येते.

वेळेच्या रकान्यांत गाडीची वेळ लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. तिथे माणूस घराच्या पडवीत पाय ठेवेल ती वेळ हवी. तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री ००:०५ ला सुटते. तिकिटावर २७ ऑगस्ट असेल, तर प्रवाशाने २६ च्या रात्री फलाटावर असायला हवे. आणि ‘२६ च्या रात्रीची गाडी’ असे ऐकून कोणी २६ तारखेचे तिकीट काढले, तर तो एक दिवस आधी घरी पोहोचेल, किंवा गाडी निघून गेल्यावर दुसऱ्या रात्री स्टेशनवर जाईल. मध्यरात्रीच्या आसपास सुटणाऱ्या प्रत्येक गाडीबाबत तिकिटावरची तारीख विचारूनच ओळ भरावी. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवून वेगळे वेळापत्रक चालते आणि गणपती नेमका त्याच काळात येतो. उन्हाळ्यात आलेल्या माणसाच्या आठवणीतली वेळ इथे चालत नाही. गाडी चिपळूणला पहाटे येण्याची असली, तरी थोडा उशीर आणि स्टेशनपासून गावापर्यंतचा रस्ता धरून ‘घरी पोहोच’ सकाळी आठ लिहिणे सुरक्षित.

रस्त्याने येणाऱ्यांची वेळ तर अंदाजच असतो. मुंबई-गोवा महामार्गावर त्या आठवड्यात गाड्यांच्या रांगा लागतात आणि ठाण्याहून सुटलेली एसटी कधी पोहोचेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा ओळीत सर्वांत उशिराची शक्य वेळ लिहावी. माणूस लवकर आला तर त्याच्यासाठी पोहे करता येतात. पण दुपारच्या जेवणात धरलेला माणूस संध्याकाळी आला तर शिजवलेले अन्न उरते.

परतीची वेळ यादीत सर्वांत जास्त वेळा कोरी राहते. येणाऱ्याला ‘परत कधी जाणार?’ असे विचारणे कोकणातल्या घराला बरे वाटत नाही आणि ते समजण्यासारखे आहे. यावर उपाय सोपा आहे: ‘परतीचे तिकीट झाले का?’ असे विचारले की तारीख आपोआप कळते आणि विचारणाऱ्याला काळजी आहे एवढेच ऐकणाऱ्याला जाणवते. रात्रीच्या गाडीने जाणारा माणूस घरी जेवूनच निघतो, म्हणून इथेही गाडीची वेळ न लिहिता घरातून निघण्याची वेळ लिहायची. डोंबिवलीचा मुलगा आणि सून पंचमीला रात्री साडेनऊला निघतात, म्हणजे त्या रात्रीच्या जेवणाला त्यांची पाने मांडायची आहेत.

आता आहार. इतर समारंभांच्या यादीत शाकाहारी की मांसाहारी एवढे विचारले की भागते. गणपतीच्या घरात बहुतेक दिवस सगळ्यांचे ताट एकच असते: नैवेद्याचा स्वयंपाक, कांदा-लसणाशिवाय. आवड विचारण्याचा तिथे प्रश्न येत नाही. फरक पडतो तो दोन दिवशी. ऋषिपंचमीचा उपवास करणाऱ्या बायका बैलाच्या कष्टाचे काही खात नाहीत. त्यांच्यासाठी परसातल्या अळू, भोपळा, सुरण अशा जिनसांची ऋषीची भाजी वेगळी शिजते. आणि गौरीपूजनाच्या दिवशी कोकणातल्या अनेक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, म्हणजे वडे-सागोती. इतर घरांत त्या दिवशी पुरणपोळी असते. आपले हे घर तिखटाच्या नैवेद्याचे आहे. मांसाहार न करणे ही माणसाची कायमची सवय आहे, उपवास त्या एका दिवसाचा आहे. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले तर पंचमीला उपवास करणारी मधली सून गौरीपूजनाच्या दिवशीही वेगळ्या ताटात मोजली जाते, जरी ती सागोती आवडीने खात असली तरी. म्हणून ‘आहार’ आणि ‘पंचमीचा उपवास’ हे दोन रकाने. शेंगदाणे न चालणारे मूल, साखर वर्ज्य असलेले जावई, दात नसलेल्या आजीसाठी मऊ भात, हे सगळे टिपेत लिहावे. ते मोजायचे नसते, वाढणाऱ्याने लक्षात ठेवायचे असते.

तक्ता संगणकावर, उदाहरणार्थ गूगल शीट्समध्ये केला, तर जेवणांचा हिशेब आपोआप निघतो. पहिल्या पानाला ‘पाहुणे’ नाव द्यावे. वर सांगितलेल्या क्रमाने अकरा रकाने A ते K मध्ये येतात. म्हणजे उत्तर C मध्ये, घरी पोहोच E मध्ये, निघणे F मध्ये, आहार G मध्ये आणि पंचमीचा उपवास H मध्ये. दुसऱ्या पानाच्या A रकान्यात प्रत्येक जेवणाची तारीख आणि वेळ एकाखाली एक लिहायची: 27/08/2025 13:30, 27/08/2025 20:30 आणि असेच पुढे. शेजारच्या चौकटीत हे सूत्र:

```
=COUNTIFS('पाहुणे'!$C$2:$C$60,"येणार",
 'पाहुणे'!$E$2:$E$60,"<="&A2,
 'पाहुणे'!$F$2:$F$60,">"&A2)
```

याचा अर्थ साधा आहे: ज्यांचे उत्तर ‘येणार’ आहे, जे या जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचले आहेत आणि जे त्यानंतर निघणार आहेत, तेवढेच मोजा. त्याच्या पुढच्या चौकटीत ‘येणार’च्या जागी ‘बहुतेक’ लिहून तेच सूत्र दिले की अनिश्चित पाने वेगळी दिसतात. घरच्या चौघांना उत्सवाच्या बरीच आधीची आणि बरीच नंतरची तारीख दिली की तेही प्रत्येक जेवणात धरले जातात. वरच्या तक्त्यात आजीच्या ओळीत ते दिसते.

आपल्या घराची उत्तरे अशी निघतात. पुण्याची लेक आणि जावई २६ च्या संध्याकाळी पोहोचतात, ठाण्याचे चौघे त्याच दिवशी सकाळी, आणि हे सहाही जण विसर्जनापर्यंत राहतात. चतुर्थीच्या दुपारी घरचे ४, डोंबिवलीचे ४, पुण्याचे २ आणि ठाण्याचे ४ मिळून १४ पाने नक्की, बंगळूरची २ बहुतेक. पंचमीच्या दुपारी तीच १४, पण आजी, मधली सून आणि पुण्याची लेक यांचा उपवास, म्हणजे ऋषीच्या भाजीची ३ पाने आणि नेहमीची ११. २९ तारखेच्या दुपारी डोंबिवलीचे तरुण जोडपे गेलेले असल्याने १२. गौरीपूजनाच्या दुपारी नात आलेली असते आणि बंगळूरचे दोघे आले असले तरी परतलेले असतात, त्यामुळे १३. त्यांतली आजी, लेक आणि जावई मांसाहार करत नाहीत, म्हणून सागोतीची १० पाने. सतरा धरून नारळ, दूध आणि मटण आणले असते, तर कोणत्या दिवशी किती उरले असते ते यावरून दिसते.

नक्की आणि बहुतेक हे दोन आकडे एकत्र करू नयेत. त्यांचा उपयोग वेगवेगळ्या खरेदीला होतो. तांदूळ, गूळ, डाळी, तेल टिकते. ते मोठ्या आकड्याने भरावे. दूध, भाज्या, मटण हे आदल्या दिवशीच्या किंवा त्या दिवशीच्या नक्की आकड्याने आणावे. उकडीच्या मोदकांत नैवेद्याचे एकवीस आधी बाजूला काढायचे असतात. पानांचे मोदक त्यानंतर मोजायचे.

संगणकाचा तक्ता फसतो तो बहुधा तारखांमध्ये. फाइलची भाषा-देश मांडणी अमेरिकेची राहिली असेल, तर ती महिना आधी आणि दिवस नंतर वाचते. अशा वेळी 02/09/2025 म्हणजे २ सप्टेंबर नव्हे, ९ फेब्रुवारी होतो. आणि 27/08/2025 ही तारीखच राहत नाही, कारण सत्ताविसावा महिना नसतो, म्हणून ती नुसती अक्षरे बनते. चूक झाल्याचा कोणताही इशारा येत नाही. ती माणसे मोजणीतून गुपचूप गळतात. ओळखण्याची खूण अशी की खऱ्या तारखा चौकटीत उजवीकडे चिकटतात आणि अक्षरे झालेल्या डावीकडे. File मेनूतल्या Settings मध्ये Locale ला India निवडून मग तारखा पुन्हा भराव्यात. असाच दुसरा खड्डा म्हणजे परतीची कोरी चौकट. कोऱ्या जागेची कशाशीच तुलना होत नाही, म्हणून परतीची तारीख न सांगितलेला माणूस एकाही जेवणात मोजला जात नाही. तारीख कळेपर्यंत तिथे विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालून ठेवावी आणि टिपेत ‘परतीचे ठरले नाही’ असे लिहावे.

उत्तराचे शब्द हाताने टाइप करू देऊ नयेत. ‘येणार’च्या पुढे एक रिकामी जागा पडली तरी सूत्राला तो वेगळा शब्द वाटतो. Data मेनूतल्या Data validation मधून चार शब्दांची निवडयादी लावली की हा धोका जातो. घरातल्या अनेकांना तक्ता उघडता येत असेल, तर आणखी एक काळजी घ्यावी: कोणी फक्त एकच रकाना निवडून त्याचा क्रम बदलला, तर नावे एकीकडे आणि गाड्या दुसरीकडे जातात. आजीच्या नावापुढे रेल्वेचे वेटिंग दिसू लागले, तर हेच घडले आहे. ज्यांना फक्त पाहायचे आहे त्यांना बदलण्याचा अधिकार न देणे आणि क्रम लावून पाहण्यासाठी वेगळा Filter view ठेवणे बरे.

स्टेशनवर आणायला जाणाऱ्याला अर्थातच गाडीची खरी वेळ हवी. ती ‘प्रवास’च्या रकान्यात गाडीच्या नावाशेजारी लिहावी, मोजणीच्या रकान्यात ती आली तर पाने बिघडतात. २७ च्या पहाटे चिपळूणला दोघे उतरणार, हे त्यावरून दिसले की एक रिक्षा आदल्या रात्री सांगून ठेवता येते. त्या दिवशी स्टेशनबाहेर उभ्या उभ्या रिक्षा मिळणे कठीण असते. अंथरुणांचा हिशेब यातूनच निघतो: दुसऱ्या पानावर प्रत्येक रात्रीची 23:30 ही वेळ जेवणाच्या वेळांसारखीच लिहिली, की रात्री घरात झोपायला किती माणसे आहेत ते तेच सूत्र सांगते. चतुर्थीच्या रात्री तो आकडा १४, पंचमीच्या रात्री १२.

या तक्त्यात न मावणारीही माणसे आहेत. आरतीला येणारे वाडीतले लोक, दर्शनाला आलेला कोणाचा तरी मित्र, रात्रीची भजनी मंडळी. त्यांची नावे लिहू नयेत. ते शक्य नाही आणि योग्यही नाही. दुसऱ्या पानावर प्रत्येक जेवणाशेजारी ‘वाढीव पाने’ असा रकाना ठेवून त्यात घरच्या अनुभवाने आकडा भरावा. भजनाच्या रात्री तो पंधराही असू शकतो, एरवी दोन-तीन.

हरतालिकेच्या रात्री, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या पानाची छापील प्रत काढून स्वयंपाकघरात लावावी. त्यावर जेवण, नक्की पाने, बहुतेक, उपवासाची आणि वाढीव, एवढेच असावे; गाड्या आणि तिकिटे तिथे नकोत. त्यानंतरचे बदल पेनाने त्याच कागदावर करावेत आणि रात्री एकाच माणसाने ते तक्त्यात उतरवावेत. सुट्टी वाढवून मिळालेला डोंबिवलीचा मुलगा पंचमीला निघालाच नाही, तर आकडा आधी कागदावर बदलतो, मग संगणकावर. दोन ठिकाणी दोन माणसे बदल करू लागली की चौथ्या दिवसापर्यंत कोणता आकडा खरा हे कोणालाच सांगता येत नाही.